चपटं बदक: फोनवरच्या चौकोनातून स्वेटरवर येताना

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांमध्ये पिवळ्या बदकांची एक रांग आहे. राजा मानसिंह तोमरांच्या काळातली, म्हणजे १४८६ ते १५१६ च्या दरम्यानची. इथे लहानाचा मोठा झालेला कुणीही ती ओळखतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीत राहणाऱ्या काकूंना हीच बदकं चार वर्षांच्या नातवाच्या स्वेटरवर हवी होती: निळा स्वेटर, छातीखालून अंगाभोवती फिरणारी पिवळ्या बदकांची रांग. विणकामात काकूंचा हात चाळीस वर्षं बसलेला आहे. पण नमुना स्वतः आखायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आजवर मासिकातला तक्ता पुढे ठेवून विणलं, किंवा कुणाचा स्वेटर बघून टाके मोजले. या वेळी सुनेने त्यांच्या फोनवर चौकटीत रंग भरायचं एक फुकट अ‍ॅप टाकून दिलं आणि म्हणाली, "आई, यात एकेक चौकोन म्हणजे एकेक टाका."

त्या एका वाक्यात अडचणीची अर्धी गोष्ट होती. अ‍ॅपमधला चौकोन खरोखरच चौरस असतो. सुलट विणीतला टाका तसा नसतो. तो रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, कारण प्रत्येक नवी ओळ खालच्या ओळीच्या फाशातून ओढून काढलेली असते आणि ती तिच्यात थोडी रुतून बसते. साध्या स्वेटरमध्ये याचा पत्ताही लागत नाही, कारण उंची आपण टेपने मोजतो. चित्र विणायला घेतलं की मात्र हिशेब चुकता करावा लागतो.

काकूंनी फोनवर पंधरा चौकोन रुंद आणि पंधरा चौकोन उंच असं बदक काढलं होतं, आणि ते स्क्रीनवर छानच दिसत होतं. गुबगुबीत पोट, वर वळलेली शेपटी, डावीकडे बघणारं डोकं. विणून पाहिल्यावर त्याच्यावर कुणी बसून उठल्यासारखं दिसायला लागलं. "अगं, हे बदक आहे की कासव?" असं म्हणत त्या तो तुकडा घेऊन माझ्याकडे आल्या.

मी आधी टेप काढला. बदकाची रुंदी भरली पावणेसहा सेमी आणि उंची पावणेपाच सेमी. पंधराच्या पंधरा चौकोन विणूनही एक सेमीचा फरक.

तुकडा काय सांगत होता

सुदैवाने काकूंनी बदकाच्या खाली बराच साधा निळा भाग विणला होता. तुकडा कोमट पाण्यातून काढून, टॉवेलवर पसरून, न ताणता वाळू दिला. लोकर अ‍ॅक्रिलिकची होती, त्यामुळे इस्त्रीचा प्रश्नच नव्हता; गरम इस्त्री लागली की अ‍ॅक्रिलिक कायमचं लोळागोळा होतं. मग मधल्या भागात, कडेपासून दूर, दहा सेमीची पट्टी ठेवून मोजलं. आडवे टाके चोवीस, उभ्या ओळी बत्तीस. ओळी मागच्या, उलट बाजूने मोजल्या, कारण तिथल्या उंचवट्यांच्या रांगा डोळ्यांना सहज सापडतात.

म्हणजे एक टाका सुमारे ४.२ मिमी रुंद आणि ३.१ मिमी उंच. रुंदीला चार भाग धरले तर उंची तीन भाग. फोनवर उंचीला जे पंधरा चौकोन दिसत होते, त्यांना कापडावर तेवढीच उंची गाठायला वीस ओळी लागणार होत्या. पंधराला चाराने गुणून तिनाने भागलं की वीस येतात. याहून अवघड गणित यात नाही. पण ते करायला हातात स्वतःचा, धुतलेला तुकडा पाहिजे. लोकरीच्या गोळ्यावरच्या पट्टीवर छापलेला आकडा चालत नाही. काकूंचा हात घट्ट आहे. त्याच लोकरीवर, त्याच सुईवर माझे टाके दहा सेमीत बावीसच बसतात.

बदकाच्या पट्ट्यात मात्र मोजमाप वेगळं निघालं. ओळी तेवढ्याच, पण टाके चोवीसऐवजी सव्वीस. दोन रंगांनी विणताना जो रंग वापरात नसतो त्याचा धागा मागून जातो, आणि तो जरा ताणला गेला की कापड आत ओढलं जातं. म्हणून पट्टा दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखा दिसत होता. स्वेटर असा विणला असता तर छातीखाली अंगाला आवळणारा एक पट्टा तयार झाला असता आणि नातवाने तो अंगात घालायलाच नकार दिला असता. चित्राचा तुकडा त्या चित्राच्याच विणीत, दोन्ही रंगांनी विणून मोजावा लागतो, तो यासाठी.

यावर जुना उपाय आहे: रंगीत पट्ट्यापुरती एक नंबर जाड सुई. काकू साधा भाग ९ नंबरच्या सुईवर विणत होत्या, पट्ट्यासाठी ८ नंबरची घेतली. (आपल्याकडच्या सुयांवर जुने इंग्लंडचे नंबर असतात: ९ म्हणजे ३.७५ मिमी, ८ म्हणजे ४ मिमी, नंबर लहान तशी सुई जाड. अमेरिकेचे नंबर उलटे चालतात आणि तिथली ९ नंबरची सुई साडेपाच मिमी जाड असते. इंटरनेटवरच्या नमुन्यात नुसता नंबर दिसला तर मिलिमीटर शोधा, मगच सुई उचला.) त्याशिवाय रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटाने जरा पसरवून घ्यायचे, म्हणजे मागचा धागा पुरेसा लांब पडतो. दुसऱ्या तुकड्यात दोन बदकं घेतली, कारण एका बदकाच्या अरुंद तुकड्यावर कडा इतक्या गुंडाळतात की माप खरं येत नाही. आता पट्ट्यात टाके चोवीस भरले. जाड सुईमुळे ओळी मात्र बत्तीसवरून तीसवर आल्या.

काटेकोर हिशेबाने आता एकोणीस ओळी पुरल्या असत्या. आम्ही वीसच ठेवल्या. एक ओळ जास्त मिळाल्याने मान थोडी उंच होते, आणि बदकाला ती शोभते. शिवाय वीस ही सम संख्या, म्हणजे पट्टा सुलट बाजूने सुरू होऊन उलट बाजूने संपतो आणि पुढचं विणकाम सरळ चालू राहतं.

पंधराचे वीस करताना

काकूंच्या अ‍ॅपमध्ये चित्र ताणायची सोय होती. उंचीच्या जागी २० लिहिलं की झालं. झालं, पण कसं? अ‍ॅपला नवीन ओळ सुचत नाही, ते असलेलीच ओळ पुन्हा उमटवतं. पंधराच्या वीस करताना दर तिसरी ओळ दोनदा आली. पोटाच्या भरीव भागात त्याने काही बिघडत नाही. पण चोच दोन ओळींची होती, तिची तीन झाली. दोन टाके लांब आणि तीन ओळी जाड, म्हणजे चोच नसून चेहऱ्यावर चिकटवलेला ठोकळा. एका टाक्याचा डोळा दोन मजली झाला. पाठीवरची गोलाई, जी एकेक चौकोनाने हळूहळू उतरत होती, ती मध्येच पायरी पडल्यासारखी अडली.

हे हातानेच निस्तरायला लागतं आणि त्याला फार वेळ जात नाही. चोचीची तिसरी ओळ पुसून पुन्हा दोनच ठेवल्या आणि ती वाचलेली ओळ मानेला दिली. पाठीवर जिथे दोन ओळी अगदी सारख्या आल्या होत्या, तिथे वरची ओळ एका टाक्याने आत घेतली. डोळा तक्त्यातून काढूनच टाकला. एका टाक्यासाठी तिसरा रंग चार-चार बदकांतून मागून वाहून नेण्यात काही अर्थ नाही. तो शेवटी शिवणाच्या जाड सुईने, विणलेल्या टाक्यावरच टाका घेऊन भरता येतो, आणि त्या वेळी तो कुठे शोभतो हे बदकाच्या तोंडाकडे बघूनच ठरवता येतं.

या सगळ्यात काकूंना सर्वांत खटकलं ते हे की दुरुस्त केलेलं बदक फोनवर विचित्र दिसत होतं. लांबुडकं, मान ताणलेलं, बगळ्याच्या वळणावर गेलेलं. त्या पुन्हा पुन्हा ते आखूड करायला जायच्या. साहजिक आहे. समोर दिसणारं चित्र डोळ्यांना खोटं वाटत असताना हाताने ते तसंच विणायचं, हे पटायला वेळ लागतो. चौरस घरांच्या अ‍ॅपमध्ये नमुना बरोबर असेल तर तो स्क्रीनवर उंच दिसलाच पाहिजे. उंच दिसत नसेल तरच काळजी करायची.

ज्यांना हे सहन होत नाही त्यांच्यासाठी विणकामाचे खास तक्ते काढणारी साधनं आहेत. स्टिच फिडलवर विणकामाचा तक्ता निवडला की टाके आणि ओळी यांचं माप देता येतं आणि घरं त्या प्रमाणात आडवी दिसतात. काकूंनी ते पाहिलं आणि तरीही आपलं जुनंच अ‍ॅप ठेवलं, कारण त्यात बोटाने रंग भरायची त्यांना सवय झाली होती. माझं मत विचाराल तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने आडवी घरं देणारं साधनच घ्यावं. काकूंसारख्या हात बसलेल्या बाईला गणित कळलं की चौरसावरही भागतं.

अख्खा स्वेटर स्क्रीनवर कशाला?

दुसरी अडचण फोनच्या आकाराची. काकूंनी स्वेटरची अख्खी पुढची बाजूच अ‍ॅपमध्ये मांडली होती: अठ्ठ्याहत्तर टाके रुंद, वर सगळ्या ओळी, त्यात चार बदकं. फोनची स्क्रीन साधारण सात सेमी रुंद. अठ्ठ्याहत्तर घरं त्यात बसवली तर एकेक घर एक मिलिमीटरपेक्षाही लहान होतं. मोठं करून पाहिलं तर आपण कितव्या बदकाच्या कितव्या ओळीवर आहोत याचा पत्ता राहत नाही. विणता विणता काकूंनी दुसऱ्या बदकाची ओळ बघून तिसऱ्या बदकावर विणलं असतं.

पण या नमुन्यात नवी माहिती आहे ती फक्त एका बदकाची. बाकी सगळी पुनरावृत्ती. म्हणून आधी तेवढाच तुकडा ठरवला. बदक पंधरा टाक्यांचं, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन निळे टाके, एकूण एकोणीस. असे चार घेतले की शहात्तर, आणि शिवणीत जायला कडेला एकेक टाका, म्हणून अठ्ठ्याहत्तर. मोकळी जागा बदकाच्या एकाच बाजूला चार टाके अशी न ठेवता दोन-दोन वाटली, त्यामागे कारण आहे. पुढची आणि पाठीची बाजू शिवली की शिवणीपाशी दोन आणि दोन मिळून चार टाके होतात, म्हणजे इतर बदकांमध्ये जेवढं अंतर तेवढंच. रांग शिवणीपाशी तुटत नाही.

मापाला हे बसतं का, हेही पाहायला हवं होतं. नातवाची छाती अठ्ठावन्न सेमी. शहात्तर टाके म्हणजे सुमारे ३१.७ सेमी, दोन्ही बाजू मिळून त्रेसष्टच्या थोडं वर. पाच सेमी सैल. आत बनियन आणि शर्ट घालायला तेवढं हवंच; ग्वाल्हेरच्या जानेवारीत लेकरं एकावर एक कपडे घालूनच बाहेर पडतात.

आता स्क्रीनवर फक्त एकोणीस घरं रुंद आणि वीस घरं उंच असा तक्ता राहिला. विणताना एकेक घर साडेतीन मिमीच्या वर दिसतं, चष्मा लावून आरामात वाचता येतं. रंग भरताना मात्र एवढंही पुरत नाही. बोट टेकायला घर सुमारे नऊ मिमी असावं, असं अँड्रॉइडच्या अ‍ॅपसाठी गूगलही सुचवतं. सात सेमीच्या स्क्रीनवर त्या मापाने एका वेळी आठच घरं मावतात. म्हणून बदक दोन भागांत रंगवलं, आधी डोक्याची बाजू, मग शेपटीची.

मोठं-लहान करताना या अ‍ॅपची एक खोड लक्षात आली. एका बोटाने रंग, दोन बोटांनी सरकवणं, असा त्याचा नियम. दोन बोटांतलं एक आधी टेकलं की तिथे एक पिवळा ठिपका उमटतो, आणि तुम्ही लगेच दुसरीकडे सरकलेले असता, त्यामुळे तो दिसतच नाही. विणल्यावर निळ्या पाण्यात एक पिवळा टाका तरंगताना दिसतो. हे टाळायला तक्ता पक्का झाल्यावर प्रत्येक ओळीतले पिवळे टाके मोजून वहीत लिहिले. बदकाचा आकार शेजारच्या ओळींत थोडाथोडाच बदलतो. सहा, नऊ, अकरा, बारा असे आकडे चढत असताना मध्येच एखादा विसंगत दिसला की ठिपका तिथेच आहे. त्यानंतर तक्त्याचा स्क्रीनशॉट काढून विणताना तोच उघडायचा. स्क्रीनशॉटला बोट लागून काही रंगत नाही. फोनची स्क्रीन बंद व्हायची वेळ तीस सेकंदांवरून दहा मिनिटांवर नेली, नाहीतर दर ओळीला लोकरीचे हात पुसून कुलूप उघडायचं.

स्वेटरचा बाकीचा आराखडा फोनवर न ठेवता एका कागदावर गेला, आणि तो एवढाच होता. ११ नंबरच्या सुईवर अठ्ठ्याहत्तर टाके घालून एक सुलट एक उलट अशी पाच सेमीची बॉर्डर. ९ नंबरवर साध्या अठ्ठावीस ओळी. ८ नंबरवर बदकांच्या वीस. पुन्हा ९ नंबरवर साध्या आठ. इथे साधारण तेवीस सेमी होतात आणि बगलेची घट सुरू होते. पट्टा बगलेच्या खालीच संपवला, कारण वर नेला असता तर घटीमध्ये कडेची बदकं अर्धी कापली गेली असती.

शेपटीवर आलेलं डोकं

हा प्रकार दोन बदकांच्या तुकड्यातच उघडकीला आला, नाहीतर अख्खी पुढची बाजू उसवावी लागली असती.

तक्ता म्हणजे कापडाचं सुलट बाजूने दिसणारं चित्र. सरळ सुयांवर विणताना सुलट बाजूची ओळ आपण उजवीकडून डावीकडे विणतो. काम उलटवलं की उलट बाजूची ओळ तक्त्यावर डावीकडून उजवीकडे चालते. म्हणून तक्ताही आळीपाळीने दोन्ही दिशांनी वाचायचा असतो. मासिकातल्या तक्त्याच्या दोन्ही कडांना ओळींचे आकडे छापलेले असतात, विषम उजवीकडे आणि सम डावीकडे, त्यामुळे आकडा जिथे तिथून सुरुवात, ही सवय आपोआप लागते. काकूंच्या अ‍ॅपमध्ये सगळे आकडे डावीकडेच होते आणि चालू ओळीच्या खाली टाक्यांची मोजणी लिहून यायची, तीही नेहमी डावीकडून. काकू ती मोजणी वाचून विणत गेल्या.

डोक्याची एक ओळ घेऊन पाहू. तक्त्यावर डावीकडून चार निळे, चार पिवळे, अकरा निळे. सुलट बाजूने विणताना ती अकरा निळे, चार पिवळे, चार निळे अशी यायला हवी. उलट बाजूने विणताना चार, चार, अकरा. दोन्ही वेळा चार, चार, अकरा असंच विणलं तर एका ओळीत डोकं डावीकडे बसतं आणि पुढच्या ओळीत ते सात टाके सरकून शेपटीच्या वर जातं. सगळ्या ओळी झाल्या की दोन्हीकडे पट्ट्यापट्ट्यांची अर्धवट डोकी उगवतात.

यात फसवं काय, तर टाक्यांची बेरीज प्रत्येक वेळी एकोणीसच येते. ओळ कुठेच कमी-जास्त पडत नाही, त्यामुळे ज्या मोजणीवर आपला भरवसा असतो ती काही सांगत नाही. शिवाय पोटाच्या पहिल्या सहा-सात ओळी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या होत्या, त्या कुठूनही वाचल्या तरी फरक पडत नव्हता. चूक दिसली ती शेपटी सुरू झाल्यावर. म्हणून असा नमुना विणताना बेरजेपेक्षा खालच्या ओळीकडे बघावं. पिवळा टाका बहुतेक वेळा पिवळ्यावरच किंवा त्याच्या एका टाक्याच्या आत-बाहेर बसतो. एकदम सात टाके दूर, हवेत पिवळा सुरू झाला तर तिथेच थांबायचं.

काकूंनी मग वहीत प्रत्येक ओळ ज्या दिशेने विणायची त्याच दिशेने लिहून काढली. विषम ओळी लाल पेनने, सम ओळी निळ्या. "नि" म्हणजे निळा, "पि" म्हणजे पिवळा. वीस ओळींचं ते एक पान झालं आणि खरं सांगायचं तर शेवटी स्वेटर त्या पानावरूनच विणला गेला. फोन उरला तो मध्येच बदक कसं दिसायला हवं हे पडताळून बघण्यापुरता.

मागची बाजू

अ‍ॅप कापडाची फक्त पुढची बाजू दाखवतं. पोटाच्या ओळींत दोन बदकांमध्ये चार निळे टाके आहेत, तेवढं अंतर पिवळा धागा मागून बिनधास्त जातो. डोक्याच्या ओळीत मात्र एका डोक्यापासून दुसऱ्या डोक्यापर्यंत अकरा आणि चार मिळून पंधरा निळे टाके होतात. म्हणजे आतल्या बाजूला सहा सेमीपेक्षा लांब मोकळा धागा. चार वर्षांच्या मुलाचं बोट पहिल्याच दिवशी त्यात अडकणार, आणि धागा ओढला गेला की पुढचं बदक मान टाकणार.

उपाय दोन होते. एक म्हणजे डोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पिवळे ठिपके टाकायचे, म्हणजे धाग्याला मध्ये टेकायला जागा मिळते. मला तो आवडत होता. काकू म्हणाल्या, "किल्ल्यावर कुठे आहेत ठिपके?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग दुसरा: दर चार-पाच टाक्यांनी पिवळा धागा मागच्या मागे निळ्या धाग्याखाली अडकवून पुढे न्यायचा. यात एकच पथ्य आहे. अडकवायची जागा प्रत्येक ओळीत एक-दोन टाके सरकवायची. एकावर एक त्याच जागी अडकवलं तर निळ्यातून पिवळ्याची उभी रेघ पुढे डोकावते. कडेच्या शिवणीच्या टाक्यापाशीही दोन्ही धागे एकमेकांत अडकवून मगच काम उलटवायचं, नाहीतर कडेचं बदक सैल पडतं.

रंगांचंही थोडं सांगायला हवं. काकूंना चोच नारिंगी हवी होती आणि फोनवर पिवळ्याशेजारी ती उठून दिसतही होती. महाराज बाड्यावरच्या दुकानातून आणलेले तीन गोळे शेजारी ठेवून त्यांचा फोटो काढला आणि तो कृष्णधवल केला. निळा गडद आला, पिवळा फिकट, आणि नारिंगी पिवळ्यापासून वेगळा सांगता येईना. लांबून स्वेटर बघताना डोळा रंगापेक्षा हा गडद-फिकटपणाच आधी टिपतो. दोन टाक्यांच्या चोचीला तो फरक पुरला नसता. चोच पिवळीच राहिली.

पाठीला बदकं कुठे बघणार, हा प्रश्न काकूंनी स्वतःच काढला. फोनवर चित्र उलटं फिरवायचं बटण आहे, मग पाठीसाठी ते वापरायचं का? नाही. पुढे आणि मागे एकच तक्ता वापरला तर बदकं अंगाभोवती एकाच दिशेने चालत राहतात. पाठीचा तक्ता फिरवला तर एका शिवणीवर दोन चोची समोरासमोर येतात आणि दुसरीवर दोन शेपट्या. शिवताना दोन्ही बाजूंच्या पट्ट्याची पहिली ओळ टाचणीने आधी जुळवली आणि मग तिथून वर-खाली शिवत गेलं, बॉर्डरपासून सुरुवात केली नाही. बॉर्डरमध्ये एखादी ओळ इकडेतिकडे झाली तर दिसत नाही, बदकाच्या पोटात लगेच दिसते.

स्वेटर नातवाकडे गेला. आता नातवाच्या आठ वर्षांच्या बहिणीला तसाच हवा आहे. तिची छाती सहासष्ट सेमी. चारऐवजी पाच बदकं घेतली आणि एकोणीसचाच तुकडा ठेवला तर एका बाजूला पंचाण्णव टाके होतात, घेर एकोणऐंशी सेमी, म्हणजे तेरा सेमी सैल. ते फारच होतं. बदकाला हात न लावता दोन्ही बाजूंची मोकळी जागा दोनवरून एकेका टाक्यावर आणली तर तुकडा सतराचा होतो, पाच बदकांचे पंच्याऐंशी टाके, घेर एकाहत्तरच्या आतबाहेर. माप बसतं, पण चोच पुढच्या बदकाच्या शेपटीपासून दोनच टाक्यांवर येते. काकूंनी चौतीस टाक्यांवर दोन बदकं विणायला घेतली आहेत. ती धुऊन वाळली की एवढं अंतर पुरतं का ते ठरेल.